एका परीक्षकाचा गठ्ठा ७ गुणांनी खाली आलाय. सरसकट ७ वाढवावेत का?

गठ्ठेवाली

आमच्याकडच्या एका परीक्षेचं गुणदान माझ्या गळ्यात पडलंय. लेखी पेपर १०० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला ४०. एकूण ६१६ उत्तरपत्रिका, पाच परीक्षक. नावं नको, अ, ब, क, ड, ई म्हणते. पहिल्या चौघांना प्रत्येकी १५० उत्तरपत्रिका दिल्या, उरलेल्या १६ ई यांनी शेवटच्या दिवशी तपासल्या.

सरासऱ्या अशा आल्या: अ ५३, ब ५५, क ५२, ड ४६, ई ४८.

ड हात आखडता घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. बाकी तिघांची सरासरी ५३ च्या थोडी वर जाते, म्हणजे ड साधारण ७ ने खाली. वरिष्ठ म्हणतात, ड यांच्या गठ्ठ्यात सरसकट ७ घाला आणि ई यांच्या गठ्ठ्यात ५, विषय संपवा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

आकडेबहाद्दर

ताई, सरसकट मिळवणं ही ढोबळ पद्धत झाली. झेड स्कोअर काढा. प्रत्येक परीक्षकाच्या गठ्ठ्याची सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते, घ्यायचं आणि सगळे गठ्ठे एकाच सरासरीवर, एकाच पसाऱ्यावर आणून बसवायचे. कडक, सढळ, सगळे एका रांगेत. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

लाल_रिफील

मी स्वतः बरीच वर्षं उत्तरपत्रिका तपासतोय, म्हणून विचारतो. ड कडक आहेत हे कोणी ठरवलं? बाकीचे ढिले असतील तर? तिघे मिळून सढळ झाले म्हणजे चौथा चुकला असं होत नाही. नमुना उत्तरपत्रिका आणि गुणदान योजना काढून बघा, कदाचित ड एकटेच योजनेप्रमाणे तपासत असतील.

एक_पालक

माझ्या मुलाला मागे ३८ पडले होते. पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरले, ३८ च राहिले. ग्रेस गुण द्यायचा नियम असतो ना? मग सगळ्यांना दोन-दोन देऊन टाका की. कोणाचं काय जातं?

गठ्ठेवाली

@एक_पालक, ग्रेस वेगळं हो. ते उत्तीर्ण होण्याच्या काठावरच्याला नियमाने मिळतं, मग त्याचा पेपर कोणीही तपासलेला असो. इथे प्रश्न असा आहे की तोच पेपर ड ऐवजी ब कडे गेला असता तर किती गुण पडले असते.

@आकडेबहाद्दर, करून बघितलं. ड यांच्या गठ्ठ्याचं प्रमाण विचलन १० आहे, बाकी तिघांचं १४ च्या आसपास. सूत्र लावल्यावर ड यांनी ज्याला ८१ दिले त्याचे १०२ झाले, १०० पैकी! आणि ज्याला २० होते तो साडेसोळावर आला. कडक परीक्षकाच्या हाती सापडला म्हणून आपण त्याला मदत करायला निघालो, आणि त्याचेच साडेतीन गुण गेले.

आकडेबहाद्दर

हां. मग वरती १०० वर थांबवायचं आणि कोणाचे कमी होत असतील तर मूळचे ठेवायचे.

तिरकी_रेघ

बहाद्दर, अशी दोन्ही टोकं कापली की सूत्राला काही अर्थ उरत नाही. तुमची पद्धत वाईट नाही, पण ती एक गोष्ट गृहीत धरते: चारही गठ्ठ्यांत सारख्याच तयारीची मुलं होती. ते खरं असेल तर गठ्ठ्यागठ्ठ्यातला फरक परीक्षकाचा. खरं नसेल तर आपण मुलांमधला फरक पुसतोय आणि त्याला न्याय म्हणतोय.

गठ्ठेवाली ताई, म्हणून पहिला प्रश्न: गठ्ठे पाडले कसे? पत्ते पिसतात तसे सगळे पेपर मिसळून, की बैठक क्रमांकाने?

गठ्ठेवाली

बैठक क्रमांकाने. नेहमी तसंच करतात.

अरे देवा. शेवटचे बैठक क्रमांक उशिरा प्रवेश घेतलेल्यांचे आणि पुन्हा बसलेल्यांचे असतात. ते सगळे ड कडे गेलेत.

तिरकी_रेघ

मग ७ मधला काही भाग ड यांच्या लाल शाईचा आणि काही भाग मुलांच्या तयारीचा. सरासऱ्यांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी त्यातून वाटणी कळणार नाही.

याच मुलांनी असं काही दिलं आहे का, जे कोणा परीक्षकाच्या हातातून गेलेलं नाही? बहुपर्यायी पेपर वगैरे?

गठ्ठेवाली

आहे! ४० गुणांचा बहुपर्यायी पेपर मशीनवर तपासला जातो. आत्ता काढलं: अ, ब, क यांच्या मुलांची सरासरी २६.५, ड यांच्या मुलांची २४.१. प्रमाण विचलन ६.

तिरकी_रेघ

म्हणजे जिथे ड यांचा हात लागलेलाच नाही, तिथेही ही मुलं २.४ ने मागे आहेत. विचलनाच्या भाषेत ०.४. लेखी पेपरचं विचलन १४ आहे, म्हणून तिथे हीच दरी जास्तीत जास्त साडेपाच गुणांची दिसेल. दोन पेपरांचा संबंध पक्का नसेल तर कमी, तीन-साडेतीन धरा. थोडक्यात, ड अगदी सरळ तपासणारे असते तरी त्यांचा गठ्ठा ३ ते साडेपाच गुणांनी खाली आलाच असता. तुमच्या ७ मधला मोठा तुकडा इथेच गेला.

ई यांचं वेगळं आहे. १६ पेपर म्हणजे फारच थोडे. विचलन १४ असताना १६ पेपरांची सरासरी नुसत्या नशिबाने साडेतीन गुण इकडे-तिकडे होते. त्यामुळे ५ ची दरी निव्वळ योगायोगही असू शकते. एवढ्या पुराव्यावर ५ मधले दोनही मी कडकपणाच्या खात्यात टाकणार नाही. गठ्ठा जितका लहान तितकी दुरुस्ती शून्याकडे ओढायची. लहान गठ्ठ्याला पूर्ण दुरुस्ती लावली की मुलांचं नशीब परीक्षकाच्या नावावर चढतं.

निवृत्त_मास्तर

हे दुखणं फार जुनं आहे. परीक्षकांच्या गुणांमध्ये किती फरक पडतो याचा हिशेब संख्याशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्येच मांडला होता. पुढे १९३५ मध्ये हार्टॉग आणि ऱ्होड्स या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका घेतल्या, सगळ्या एकाच सुमाराच्या गुणांच्या. १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका वर्षाहून जास्त काळाने पुन्हा तपासायला दिल्या. २१० पैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेचा निकाल बदलला. परीक्षक स्वतःशीच जुळत नाही, तिथे दुसऱ्याशी काय जुळणार?

आकडेबहाद्दर

मास्तर, मग दुरुस्ती करूच नये असं म्हणायचंय का?

निवृत्त_मास्तर

करावी, पण कशाची करतोय ते ओळखून. एखादा नेहमीच कडक असेल तर दुरुस्ती होते. ज्याचा हात रोज वेगळा पडतो त्याची सूत्राने होत नाही. तिथे पेपर पुन्हा तपासणं हाच उपाय.

उभाआडवा

कायद्याच्या अंगानेही एक सांगतो. कनिष्ठ न्यायाधीशांच्या परीक्षेवरून उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं होतं, २००७ मध्ये निकाल लागला. विषय सगळ्यांना तोच आणि फरक फक्त परीक्षकांचा, तेव्हा स्केलिंग नव्हे तर मॉडरेशन वापरायचं, असं न्यायालयाने म्हटलं. स्केलिंग वेगवेगळे विषय एका मापात आणण्यासाठी. बहाद्दरांचं सूत्र जवळपास त्याच वळणाचं आहे, म्हणून जपून.

तिरकी_रेघ

उभाआडवांनी नेमकं सांगितलं. मॉडरेशन म्हणजे शेवटी पेपर उघडून बघणं. शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना? मग असं करा.

सगळ्या गठ्ठ्यांतून २० पेपर निवडा. काही नापासांचे, काही मधले, काही वरचे. आधीचे गुण आणि खुणा झाकून झेरॉक्स काढा आणि पाचही जणांना तेच २० तपासायला द्या. कोणता पेपर मूळ कोणाकडे होता ते सांगू नका. स्वतःचा पेपर ओळखला तर माणूस आधीचेच गुण ठेवतो.

वीस कमी वाटतील, पण मुलगा तोच आणि पेपर तोच असल्यामुळे तयारीतला फरक हिशेबातून बाहेर पडतो. एकाच पेपरवर दोन परीक्षकांच्या गुणांतला फरक बहुतेक ५ च्या आसपास हलतो, तर मुलामुलांमधला १४ ने. त्यामुळे असे २० सामाईक पेपर जवळजवळ दीडशे पिसलेल्या पेपरांइतकं सांगतात.

लाल_रिफील

आणि माझा प्रश्न? पाचांची सरासरी म्हणजे सत्य का?

तिरकी_रेघ

नाही. २० पेपर फार तर सगळ्यांना एका पट्टीवर आणतील. पट्टी बरोबर आहे का, हे गुणदान योजना समोर ठेवून मुख्य परीक्षकांनी बघायचं. त्यांनी त्या विसांपैकी पाच-सहा स्वतः तपासावेत. ते ड च्या जवळ निघाले तर तुमचं खरं, मग बाकीच्यांना खाली आणायचं.

गठ्ठेवाली

बुधवार रात्र. झालं एकदाचं. चहा आणि विनवण्या बऱ्याच लागल्या.

प्रत्येकाचे गुण बाकी चौघांच्या सरासरीशी ताडून पाहिले. अ आणि क जवळपास शून्यावर. ब २ ने वर. ड साडेतीनने खाली. ई शून्यावर!

मुख्य परीक्षकांनी सहा तपासले. ते अ आणि क च्या मध्ये कुठेतरी बसले. @लाल_रिफील, क्षमस्व.

म्हणजे ७ घातले असते तर ड यांच्या मुलांना साडेतीन गुण फुकट मिळाले असते. ३३ ते ३९ मध्ये त्यांच्याकडचे २६ जण आहेत, ते सगळे एका फटक्यात पास. आता सरसकट साडेतीन घालू ना?

तिरकी_रेघ

थांबा, सरासरीवर थांबू नका. बाकी चौघांच्या सरासरीप्रमाणे त्या २० पेपरांचे खालचे, मधले, वरचे असे तीन ढीग करा आणि ड यांचा फरक प्रत्येक ढिगात वेगळा काढा. ढीग ड यांच्याच गुणांवरून पाडू नका. ज्या पेपरात त्यांचा हात चुकून खाली गेला तो खालच्या ढिगात येईल आणि नसलेला कडकपणा दिसेल.

आणि ई यांचे वीस फरक एकेक करून लिहा. तो शून्य मला खटकतोय.

गठ्ठेवाली

खालचे ६ पेपर: ड अर्ध्या गुणाने खाली. मधले ८: ३ ने खाली. वरचे ६: ७ ने खाली.

म्हणजे नापासांच्या बाबतीत ड कडक नाहीतच! हुशारांच्या बाबतीत आहेत.

ई यांचे फरक: +११, −९, −१२, +८, +१०... असंच पुढे.

निवृत्त_मास्तर

ई यांचं म्हणजे एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात, सरासरी कोमट. हे मघाशी म्हटलं ते दुखणं. १६ पेपर आहेत, दुसऱ्याकडून सरळ पुन्हा तपासून घ्या, सूत्र नको.

लाल_रिफील

ड यांचं कारण मी सांगतो, कारण मीही पूर्वी तसाच होतो. त्यांचे प्रश्नवार गुण काढा. दहापैकी सातच्या वर ते कुठेच गेले नसतील. आमच्या पिढीत "आठ म्हणजे मी स्वतः लिहिलं तर" असं म्हणायचे. चुकीच्या उत्तराला कमी देत नाहीत, चांगल्याला पुरते देत नाहीत. म्हणून तर त्यांचं विचलन १० आलं.

गठ्ठेवाली

काढले. वीसही पेपरांत ड यांनी एकाही प्रश्नाला साडेसातच्या वर दिलेलं नाही. इतरांचे ९ आणि साडेनऊ जागोजागी आहेत. काय बोलावं!

आकडेबहाद्दर

म्हणजे माझ्या सूत्राचा ताणण्याचा भाग बरोबर होता ना? विचलन कमी, म्हणून ताणायचं.

तिरकी_रेघ

अर्धा बरोबर. ताण हवाच, पण किती आणि कुठून धरून, ते तुम्ही गठ्ठ्याच्या आकड्यांवरून ठरवलंत, आणि त्या गठ्ठ्यात वेगळी मुलं होती. म्हणून २० गुणवाल्याचे साडेतीन गेले.

सामाईक पेपरांवरून रेघ अशी निघते: ड यांचे ४७ असतील तर साडेतीन वाढवा. ४७ च्या वर दर चार गुणांना आणखी एक, खाली दर चार गुणांना एक कमी. ६० ला पावणेसात, ३९ ला दीड, आणि ३३ ला दुरुस्ती शून्य. त्याखाली रेघ थांबवायची, नाहीतर कोऱ्या पेपराचे गुण उणे होतील. वरच्या टोकालाही जपा. विसांमध्ये ड यांचे ६५-६६ च्या वरचे पेपर नव्हते, म्हणून तिथून पुढे रेघ ओढत नेणं म्हणजे अंदाज. ८१ वाला पेपर काढून दोघांकडून तपासून घ्या. असे असतील किती, चार-पाच?

गठ्ठेवाली

सहा. काढून ठेवले.

एक_पालक

इतकं सगळं करूनही एखाद्या मुलावर अन्याय होऊ शकतो का? ड यांनी एखादा पेपर सढळ हाताने तपासला असेल तर त्यालाही वाढवून मिळणार.

तिरकी_रेघ

काका, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. होय, मिळणार. रेघ ड यांची सवय दुरुस्त करते. त्या विशिष्ट पेपरावर त्यांचा हात कसा पडला हे तिला दिसत नाही, आणि तो पाचाचा इकडचा-तिकडचा फरक तसाच राहतो. ३० पडले की ३२, याने एखाद्याचं आयुष्य बदलत नाही. ४० च्या काठावर बदलतं. म्हणून काठावर सूत्रावर विसंबायचं नाही. ३६ ते ४२ मधले ड यांचे पेपर गुण झाकून दुसऱ्याकडून वाचून घ्या.

उभाआडवा

ब चं काय? ते २ ने सढळ आहेत. त्यांच्याकडे ज्याला ४१ पडले तो खरं तर ३९ चा. ड यांच्या मुलांना वाढवून द्यायचं आणि ब यांच्या मुलांचं तसंच ठेवायचं, हा कुठला न्याय?

तिरकी_रेघ

२० पेपरांवर साधारण १ ची चूक धरली तर २ हा फरक खरा असेलही, नसेलही. मी तिथे हात लावणार नाही.

उभाआडवा

"हात लावणार नाही" हाही निर्णयच आहे. साडेतीनला दुरुस्ती, दोनला नाही, मग अडीचला? रेषा कुठेही आखा, तिच्या दोन बाजूंना दोन मुलं उभी असणारच.

तिरकी_रेघ

मान्य. म्हणून काही जण सगळ्यांनाच दुरुस्ती लावतात, पण पुरावा जितका कच्चा तितकी कमी. मग ब यांच्या मुलांचा साधारण दीड गुण जाईल. गणिताने ते जास्त सुसंगत आहे. पण ज्याचे कमी झाले त्याला त्याच्या पेपरात चूक न दाखवता "परीक्षक सढळ होते" एवढंच सांगणं मला जमत नाही. इथे माझं उत्तर कच्चं आहे.

लाल_रिफील

पुढच्या वेळी गठ्ठे पाडूच नका. प्रश्न १ आणि २ सगळ्यांचे अ ने तपासायचे, ३ आणि ४ ब ने, असं. मग ड चा कडकपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो. त्याच्या प्रश्नाला सगळ्यांना कमी, म्हणून मुलामुलांत फरक पडत नाही.

निवृत्त_मास्तर

प्रश्नांमध्ये पर्याय नसतील तर. "पाचपैकी कोणतेही तीन" असेल तर ज्याने ड चा प्रश्न निवडला तो पुन्हा अडकला.

गठ्ठेवाली

आमच्याकडे पर्याय आहेत. पण निदान पुढच्या वेळी पेपर पिसून तरी देईन.

शुक्रवार संध्याकाळ. ई यांचे १६ अ ने तपासले. ड यांच्या गठ्ठ्याला रेघ लावली, वरचे सहा दोघांनी पाहिले, ८१ चा पेपर ९० वर स्थिरावला. ३६ ते ४२ मधले १९ पेपर क यांनी गुण झाकून वाचले. त्यात चार नापास होते ते पास झाले. एक जण ड यांच्याकडे ४० वर होता, क यांनी त्याला ३७ दिले.

वरिष्ठ म्हणतात, फेरवाचनाचा नियम सगळ्यांना सारखा, ३७ लिहा. मी ४० ठेवून फाइल पुढे पाठवली आहे आणि शेऱ्यात दोन्ही गुण लिहिलेत. ब बद्दलचा उभाआडवांचा मुद्दाही त्याच शेऱ्यात टाकलाय. सही अजून झालेली नाही.